राउटरमध्ये सगळं बंद, तरी बाहेरून पोर्ट उघडा: आपला पब्लिक आयपी एनमॅपने नीट कसा तपासायचा

लक्षणं

सांगली-मिरजेतल्या पेढ्या, दवाखाने, कुपवाडची छोटी युनिट, घरची कनेक्शन, कुठेही गेलं तरी ही तक्रार साधारण याच रूपांत समोर येते:

- राउटरच्या पानावर फायरवॉल चालू आहे, पोर्ट फॉरवर्डिंगची यादी रिकामी आहे, तरी पोर्ट तपासणारं एनमॅप हे सॉफ्टवेअर 80, 443, 53 उघडे दाखवतं.
- याच्या उलट: मालकाला घरी बसून मोबाइलवर दुकानाचे कॅमेरे छान दिसतात, पण दुकानातून आपलाच पब्लिक आयपी स्कॅन केला तर एकही पोर्ट उघडा दिसत नाही.
- एकदा बंद केलेला पोर्ट लाइट जाऊन आली की पुन्हा उघडलेला असतो.
- सकाळच्या आणि संध्याकाळच्या स्कॅनचे निकाल जुळत नाहीत, आणि मधे कोणी सेटिंगला हात लावलेला नसतो.
- एनमॅप `Host seems down` म्हणून काही सेकंदांत थांबतं आणि "म्हणजे आपण सुरक्षित" असा अर्थ काढला जातो.

यातल्या बऱ्याच प्रकरणांत फायरवॉल बिघडलेला नसतो. चुकीचा पत्ता तपासलेला असतो, किंवा चुकीच्या जागेवरून तपासलेला असतो. म्हणून राउटरची सेटिंग बदलायच्या आधी पहिल्या दोन पायऱ्या करा. त्यांना पैसे लागत नाहीत आणि दहा मिनिटांत होतात.

खाली उदाहरणासाठी 203.0.113.45 हा पत्ता वापरला आहे. तो फक्त लिखाणातल्या उदाहरणांसाठी राखीव आहे, त्यामुळे त्याच्या जागी स्वतःचा पत्ता टाका.

पायरी 1: हा पत्ता खरंच तुमचा आहे का?

दोन आकडे जुळवायचे आहेत. पहिला राउटरच्या पानावर, WAN किंवा Internet Status या नावाखाली मिळतो. दुसरा दुकानाच्या वायफायला जोडलेल्या संगणकावरून असा काढा:

```
curl -4 https://api.ipify.org
```

दोन्ही आकडे एकच असतील तर पत्ता तुमच्या राउटरवर आहे, पुढच्या पायरीला जा. वेगळे असतील तर राउटरच्या पानावरचा आकडा नीट वाचा.

तो 192.168 किंवा 10 ने सुरू होत असेल तर बहुतेक वेळा एकामागे एक दोन राउटर लागलेले असतात: नेटवाल्याने बसवलेला फायबरचा डबा आणि त्याच्यामागे तुम्ही विकत आणलेला राउटर. अशा ठिकाणी लोक आतल्या राउटरचा फायरवॉल तासन् तास तपासत बसतात. बाहेरून येणारं पॅकेट आधी फायबरच्या डब्यावर आदळतं आणि उत्तर तोच देत असतो. तपासणी त्या डब्यापासून सुरू करा.

आकडा 100.64 ते 100.127 च्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. नेटवाल्याने एकच पब्लिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला आहे. 100.64.0.0/10 हा पट्टा 2012 मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही नेटवाले याच कामासाठी 10 ने सुरू होणारा पट्टाही वापरतात, त्यामुळे पुढे दुसरा राउटर नसताना 10 चा आकडा दिसला तरी अर्थ हाच. इथे `curl` ने दाखवलेला पत्ता स्कॅन केला तर तुम्ही नेटवाल्याचं यंत्र स्कॅन करत आहात. तिथे दिसणारे उघडे पोर्ट तुमचे नाहीत आणि ते तपासायचा तुम्हाला अधिकारही नाही. आयपीव्ही4 ची तपासणी इथेच थांबवा आणि थेट खालच्या आयपीव्ही6 च्या भागाकडे जा, कारण सीजीनॅटवाल्यांची खरी उघडी बाजू तिकडे असते.

आणखी एक गोष्ट. स्टॅटिक आयपी विकत घेतला नसेल तर लाइट गेली, राउटर बंद-चालू झाला, की पत्ता बदलू शकतो. काल लिहून ठेवलेला पत्ता आज नेटवाल्याच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलेला असू शकतो. सकाळ-संध्याकाळच्या निकालांत फरक पडण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. प्रत्येक स्कॅनच्या आधी वरची आज्ञा पुन्हा चालवा. दुसऱ्याचा पत्ता चुकून स्कॅन होऊ नये यासाठीही ते गरजेचं आहे.

पायरी 2: स्कॅन कुठे बसून करताय?

दुकानाच्या वायफायवरून दुकानाचाच पब्लिक आयपी स्कॅन केला तर मिळणारा निकाल वाचण्यालायक नसतो. कारण असं: तुमचं पॅकेट राउटरकडे आतल्या बाजूने येतं. राउटर बघतो की हा पत्ता माझाच आहे, आणि बाहेरच्या वाटेचे नियम न लावता स्वतःच उत्तर देतो. आतल्या लोकांसाठी त्याचं सेटिंगचं पान 80 वर चालू असतं, नाव शोधण्याची सेवा 53 वर असते. ती दोन्ही "उघडी" दिसतात, बाहेरून ती पूर्ण बंद असली तरी.

उलट चूकही याच कारणाने होते. काही राउटरना आतून आलेलं पॅकेट पुन्हा आतच वळवता येत नाही. अशा राउटरवर कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचा पोर्ट जगाला उघडा असतो, पण दुकानातून तपासणाऱ्याला बंद दिसतो. लक्षणांतल्या पहिल्या दोन ओळींची उत्तरं इथे मिळतात.

बाहेरची जागा मिळवायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे मोबाइलचा डेटा. फोनचं वायफाय बंद करा, हॉटस्पॉट चालू करा, लॅपटॉप त्यावर जोडा आणि लॅपटॉपवर व्हीपीएन असेल तर तो बंद करा. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स टाकून `pkg install nmap` केलं तरी काम भागतं. मात्र रूट नसलेल्या फोनवर टीटीएल दिसत नाही, आणि पुढे तो आकडा लागणार आहे, म्हणून शक्यतो लॅपटॉपच घ्या.

ही बाहेरची जागाही आधी पारखून घ्यायची. हे बहुतेक जण करत नाहीत आणि मग अर्धा दिवस वाया जातो. दोन छोटे स्कॅन पुरतात:

```
nmap -Pn -p 22,80,9929,31337 scanme.nmap.org
nmap -Pn -p 25,80,110,143,443 192.0.2.1
```

पहिला पत्ता एनमॅप बनवणाऱ्यांनीच सरावासाठी मोकळा ठेवला आहे आणि तिथे हे चारही पोर्ट उघडे असतात. यातला एखादा `filtered` आला तर तुमचा मोबाइल डेटा मधेच काहीतरी अडवतोय, आणि तीच अडवणूक तुमच्या दुकानाच्या निकालातही दिसेल. दुसऱ्या पत्त्यावर कोणीच राहत नाही, तो राखीव आहे. तिथे काहीही `open` येता कामा नये. 25, 110, 143 उघडे दिसले तर बहुधा लॅपटॉपवरचा अँटिव्हायरस ईमेल तपासण्यासाठी मधे बसून स्वतःच उत्तर देतोय. 80 उघडा दिसला तर मोबाइल कंपनीचा प्रॉक्सी मधे असण्याची शक्यता आहे. दुसरं सिमकार्ड किंवा दुसरा लॅपटॉप घ्या आणि हे दोन्ही निकाल स्वच्छ आल्यावरच पुढे जा.

पायरी 3: खरा स्कॅन आणि त्याचं वाचन

```
sudo nmap -Pn -n -p- --reason --max-rate 300 -oA pedhi-1 203.0.113.45
```

विंडोजवर `sudo` नको, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा.

`-Pn` का? बरेच राउटर बाहेरून आलेल्या पिंगला उत्तर देत नाहीत. मग एनमॅप समजतं की यंत्रच बंद आहे आणि पोर्ट न तपासता थांबतं. `Host seems down` चा अर्थ एवढाच. त्यावरून सुरक्षिततेबद्दल काहीच कळत नाही.

`-p-` का? नुसतं `nmap` चालवलं तर ते सर्वाधिक वापरातले 1000 टीसीपी पोर्टच बघतं. डीव्हीआरचे पोर्ट बरेचदा 34567 किंवा 37777 असे वरच्या आकड्यांत असतात. शिवाय सीसीटीव्हीवाला "सुरक्षिततेसाठी" पोर्टचा आकडा बदलून काहीही ठेवू शकतो. 65535 पैकी सगळे बघितल्याशिवाय "बाकी काही उघडं नाही" असं म्हणता येत नाही.

`--max-rate 300` म्हणजे सेकंदाला 300 पॅकेटपेक्षा जास्त नको. मोबाइलच्या रेंजवर वेग वाढवला की पॅकेटं हरवतात, आणि हरवलेल्या पॅकेटमुळे उघडा पोर्टही `filtered` दिसतो. बहुतेक पोर्ट गप्प असतील तर एनमॅप प्रत्येक पोर्टला दुसऱ्यांदा विचारतं, त्यामुळे या वेगाने सात-आठ मिनिटं तरी लागणारच. रेंज कमी असेल तर आणखी. थांबा, घाई करू नका.

आता मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीसारखी मांडणी घेऊ. नेटवाल्याचा एक फायबर राउटर, त्याच्यामागे आठ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि टॅलीचा विंडोज संगणक. मालक विश्रामबागेत राहतो आणि रात्री गोदाम मोबाइलवर बघतो. स्कॅन असा येतो:

```
Not shown: 65531 filtered tcp ports (no-response)
PORT     STATE  SERVICE       REASON
554/tcp  open   rtsp          syn-ack ttl 53
3389/tcp closed ms-wbt-server reset ttl 117
7547/tcp open   cwmp          syn-ack ttl 54
8000/tcp open   http-alt      syn-ack ttl 53
```

आधी स्थितीचा रकाना. `open` म्हणजे कोणीतरी कनेक्शन घ्यायला तयार आहे. `closed` म्हणजे पॅकेट पोचलं, पण तिथे ऐकणारं कोणी नाही असं उत्तर आलं. `filtered` म्हणजे उत्तरच आलं नाही किंवा मधल्या यंत्राने नकार कळवला. चांगल्या फायरवॉलमागे बाहेरून जवळजवळ सगळं `filtered` दिसायला हवं, आणि इथे 65531 पोर्ट तसेच आहेत. उरलेले चार आपलं काम आहे.

आता शेवटचा आकडा, टीटीएल. उत्तर कोणत्या यंत्राने दिलं हे सेवेच्या नावापेक्षा हा आकडा जास्त खात्रीने सांगतो. लिनक्सवर चालणारी यंत्रं, म्हणजे राउटर आणि डीव्हीआर, सहसा 64 पासून सुरुवात करतात आणि विंडोज 128 पासून. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. 7547 चं उत्तर 54 वर आलं, म्हणजे दहा टप्पे: ते पेढीच्या राउटरने स्वतः दिलं आहे. 554 आणि 8000 ची उत्तरं 53 वर, म्हणजे एक टप्पा जास्त: ती राउटरच्या मागून, डीव्हीआरकडून आली. 3389 चं उत्तर 117 वर. 128 मधून अकरा वजा केले की 117, म्हणजे तेही राउटरच्या मागून, आणि उत्तर देणारा संगणक विंडोजचा. हा टॅलीचा संगणक.

3389 ची ओळ बघून पुष्कळ जण निर्धास्त होतात, कारण तिथे `closed` लिहिलं आहे. पण ही ओळ दोन गोष्टी सांगते. पहिली: कधीतरी कोणीतरी रिमोट डेस्कटॉपसाठी राउटरमधून या संगणकाकडे वाट उघडली होती, नंतर संगणकावरचा रिमोट डेस्कटॉप बंद केला, पण वाट तशीच राहिली. उद्या दुरुस्तीला आलेल्या मुलाने रिमोट डेस्कटॉप पाच मिनिटांसाठी चालू केला तरी तो थेट जगाला उघडा. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. विंडोजचा स्वतःचा फायरवॉल चालू असता तर ऐकणारं कोणी नसलेल्या पोर्टवर तो नकारही पाठवत नाही, गप्प राहतो. इथे नकार आला आहे. म्हणजे संगणकावरचा फायरवॉल बहुधा कोणीतरी पूर्ण बंद करून ठेवला आहे, टॅली नेटवर्कवर चालेना म्हणून वगैरे. तो चालू करा आणि टॅलीला लागणाऱ्या पोर्टपुरती आतल्या नेटवर्कसाठी परवानगी द्या.

आणि निकाल उलटा आला, सगळंच `filtered`, तर? लगेच विश्वास ठेवू नका. आतल्या एका संगणकावर `python3 -m http.server 40222` चालवा, त्याच्या फायरवॉलमध्ये 40222 ला परवानगी द्या, राउटरमध्ये 40222 त्या संगणकाकडे वळवा आणि बाहेरून फक्त तो एक पोर्ट स्कॅन करा. तो `open` दिसला तर तुमची पद्धत खरं दाखवते आणि बाकीच्या `filtered` ला अर्थ आहे. तोही `filtered` राहिला तर पत्ता, जागा किंवा मधला दुसरा राउटर, यांपैकी काहीतरी चुकतंय, पायरी 1 वर परत जा. हा सर्व्हर ज्या फोल्डरमधून चालवता तिथल्या फाइली उघड्या पडतात, म्हणून रिकाम्या फोल्डरमधून चालवा आणि काम झालं की सर्व्हर बंद करून नियम आणि परवानगी दोन्ही काढून टाका.

पायरी 4: वाट कोणी उघडली?

उघडा पोर्ट दिसला की लोक थेट फॉरवर्डिंगच्या यादीकडे जातात. तिथे 8000 आणि 3389 सापडतात, ते काढून टाकले जातात. पण 554 त्या यादीत नसतोच. मग "राउटर हॅक झाला" अशी शंका येते.

कारण असतं यूपीएनपी. या सोयीमुळे आतलं कोणतंही यंत्र राउटरला पासवर्ड न देता सांगू शकतं की मला अमुक पोर्ट उघडून दे. राउटर देतो. कितीतरी डीव्हीआरमध्ये ही सोय मुळातच चालू असते. राउटरच्या पानावर UPnP च्या नावाखाली वेगळी यादी असते. काही राउटर ती दाखवतच नाहीत, तिथे दुकानातल्या लिनक्स संगणकावर मिनीयूपीएनपीसी टाकून विचारता येतं:

```
upnpc -l
 0 TCP   554->192.168.1.64:554   'RTSP' '' 0
```

192.168.1.64 हा डीव्हीआर. वाट त्यानेच मागून घेतली आहे. लाइट गेल्यावर पोर्ट पुन्हा उघडतो तो यामुळेच: राउटरमधून ती ओळ काढली तरी डीव्हीआर पुन्हा चालू झाला की पुन्हा मागणी करतो. म्हणून यूपीएनपी दोन्हीकडे बंद करा, राउटरमध्येही आणि डीव्हीआरच्या नेटवर्क सेटिंगमध्येही. फक्त राउटरमध्ये बंद केलं तर पुढच्या वेळी नेटवाल्याने राउटर बदलून दिला की नवीन राउटरवर ती सोय चालूच असते आणि सगळं पहिल्यासारखं होतं.

याच वेळी DMZ Host ची ओळ बघून घ्या. तिथे एखाद्या यंत्राचा पत्ता भरलेला असेल तर राउटर स्वतःला न लागणारे सगळे पोर्ट त्या यंत्राकडे पाठवतो, फॉरवर्डिंगची यादी रिकामी असली तरी. "कॅमेरा लागत नव्हता म्हणून" ही ओळ भरलेली पुष्कळ ठिकाणी सापडते. ती रिकामी करा.

बदल झाले की राउटर बंद करून चालू करा, मग डीव्हीआर बंद करून चालू करा, पाच मिनिटं जाऊ द्या, पत्ता पुन्हा काढा आणि तोच स्कॅन `pedhi-2` या नावाने चालवा. डीव्हीआर पुन्हा चालू न करता घेतलेला निकाल धरू नका. दोन निकालांतला फरक असा दिसतो:

```
ndiff pedhi-1.xml pedhi-2.xml
```

मग मालकाने कॅमेरे कसे बघायचे? राउटरमध्ये वायरगार्ड या व्हीपीएनची सोय असेल आणि पब्लिक पत्ता असेल तर तोच चांगला मार्ग. वायरगार्ड ओळख न पटलेल्या पॅकेटला उत्तरच देत नाही, त्यामुळे स्कॅन करणाऱ्याला तो दिसत नाही. डीव्हीआर थेट इंटरनेटवर ठेवणं मात्र टाळाच. 2016 मध्ये मिराई नावाचा बॉटनेट अशाच, मूळ पासवर्ड न बदललेल्या डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांवर पसरला होता.

पायरी 5: आयपीव्ही6 ची मागची बाजू

वरचं सगळं आयपीव्ही4 पुरतं होतं. पेढीच्या कनेक्शनवर आयपीव्ही6 चालू असेल तर आतल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा पब्लिक पत्ता मिळतो. तिथे फॉरवर्डिंग लागतच नाही. मधे फक्त राउटरचा आयपीव्ही6 फायरवॉल असतो, आणि तो आयपीव्ही4 च्या फायरवॉलपासून वेगळा असतो. एक चालू आणि दुसरा बंद असं सहज होतं.

डीव्हीआरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये किंवा राउटरच्या जोडलेल्या यंत्रांच्या यादीत त्याचा आयपीव्ही6 पत्ता बघा. fe80 ने सुरू होणारा पत्ता फक्त आतला असतो, तो सोडा. 2 ने सुरू होणारा घ्या. मग हॉटस्पॉटवरून:

```
sudo nmap -6 -Pn -p- --reason --max-rate 300 2001:db8:10:20::64
```

हाही पत्ता उदाहरणापुरता. आधी `curl -6 https://api64.ipify.org` चालवून तुमच्या मोबाइल डेटावर आयपीव्ही6 आहे याची खात्री करा, नाहीतर स्कॅन निघणारच नाही आणि तुम्हाला वाटेल पोर्ट बंद आहेत. इथे 554 किंवा 8000 `open` आला तर राउटरमध्ये आयपीव्ही6 फायरवॉल शोधून चालू करा. सेटिंग सापडत नसेल तर डीव्हीआरमध्ये आयपीव्ही6 बंद करा. घाईत सगळं आयसीएमपीव्ही6 मात्र अडवू नका. पॅकेट मोठं झालं हा निरोप त्यातूनच येतो, आणि तो अडला की काही साइट अर्धवट उघडून लटकतात.

यूडीपीबद्दल थोडं

यूडीपीचे सगळे 65535 पोर्ट स्कॅन करायला जाऊ नका. बरीच यंत्रं नकाराचा निरोप सेकंदाला एकच पाठवतात, त्यामुळे पूर्ण स्कॅन अठरा तासांच्या वर जाऊ शकतो. एवढे पोर्ट पुरे:

```
sudo nmap -Pn -sU -p 53,123,161,1900,5351 --reason 203.0.113.45
```

`open|filtered` म्हणजे उत्तर आलं नाही, त्यावरून काही ठरवू नका. स्पष्ट `open` आला तरच हालचाल करा. 53 किंवा 1900 बाहेरून उत्तर देत असेल तर तुमचा राउटर वापरून तिसऱ्यावर हल्ला करता येतो आणि तुमचं नेट विनाकारण मंदावतं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

7547 हा पोर्ट नेटवाला राउटर दुरून सांभाळण्यासाठी वापरतो. तो सगळ्या जगाला उघडा असणं चुकीचंच आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये जर्मनीत मिराईच्याच एका प्रकाराने याच पोर्टवर हल्ला केला आणि सुमारे 9 लाख गिऱ्हाइकांचं नेट विस्कळीत झालं. पण राउटर नेटवाल्याचा असेल तर ही सोय तुम्ही स्वतः बंद करू नका, कनेक्शनची सेटिंग त्यातूनच येत असू शकते. लेखी तक्रार द्या: हा पोर्ट फक्त तुमच्या सर्व्हरच्या पत्त्यांसाठी ठेवा, बाकीच्यांसाठी बंद करा.

3389 `open` सापडला आणि विंडोजच्या नोंदींत अनोळखी लॉगिन किंवा नवीन युजर दिसला तर पुढे काही चाळू नका. नेटची वायर काढा, संगणक बंद किंवा फॉरमॅट करू नका, टॅलीचा जुना बॅकअप असलेल्या पेनड्राइव्हवर नवा बॅकअप लिहू नका आणि जाणकार बोलवा. पैशांचा व्यवहार गुंतला असेल तर सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या आदेशानुसार कंपन्यांनी अशा घटना कळल्यापासून 6 तासांत कळवायच्या असतात, ते तुमच्या संस्थेला लागू आहे का हे सल्लागाराला पहिल्याच फोनवर विचारा.

पतसंस्था, दवाखाना, भाड्याची जागा, दुसऱ्याचं कनेक्शन असेल तर जागेच्या आणि कनेक्शनच्या मालकाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय स्कॅन सुरूच करू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 ची कलमं 43 आणि 66 विनापरवानगी केलेल्या गोष्टींसाठीच आहेत.

राउटरचा ॲडमिन पासवर्ड कोणालाच माहीत नसेल तर रिसेटचं बटण दाबू नका. नेटवाल्याचं युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅन त्यात भरलेले असतात, ते पुसले की नेटच जातं. आणि दोन्हीकडे यूपीएनपी बंद, यादी रिकामी, DMZ रिकामा, दोन्ही यंत्रं बंद-चालू केलेली, तरी टीटीएल 53 वर `open` येतच असेल, तर आत मधे आणखी एखादं यंत्र आहे किंवा राउटरचं सॉफ्टवेअर बदललेलं आहे. हे पानावरून कळत नाही, राउटर उघडून बघणारा माणूस लागतो.

बोलवलेल्या माणसाला `pedhi-1.nmap` आणि `pedhi-2.nmap` या दोन्ही फाइली द्या, त्या वेळचा पब्लिक आयपी आणि स्कॅन केल्याची तारीख-वेळ लिहून द्या, आणि स्कॅन कोणत्या कंपनीच्या मोबाइल डेटावरून केला तेही सांगा. पत्ता बदलणारा असेल तर वेळेशिवाय नेटवाल्याला तुमची नोंद सापडत नाही.